राजकोषीय तूट आणि व्याजदर

राजकोषीय तूट म्हणजे एका आर्थिक वर्षात सरकारचा एकूण खर्च आणि कर्ज वगळता मिळणारे एकूण उत्पन्न यांतील फरक होय. ही तूट प्रामुख्याने कर्ज काढून भरली जाते. सरकार ज्या बचतीतून कर्ज उचलते, त्याच बचतीतून उद्योगांना, शेतकऱ्यांना आणि घरासाठी कर्ज घेणाऱ्या कुटुंबांनाही पैसा मिळतो. सरकारची मागणी फार वाढली आणि बचत तेवढीच राहिली, तर उरलेल्या पैशाची किंमत, म्हणजेच व्याजदर, इतर सर्वांसाठी वाढू शकते. अर्थशास्त्रात या परिणामाला ‘क्राउडिंग आउट’ म्हणतात. सरकारच्या कर्जामुळे खासगी कर्जदार बाजारातून बाहेर ढकलले जातात, असा त्याचा अर्थ आहे. भारतात हा परिणाम १९९०-९१ च्या सुमारास ठळकपणे दिसला. २०२०-२१ मध्ये मात्र तूट त्याहून मोठी असूनही तो फारसा दिसला नाही. या दोन अनुभवांतील फरकावरून ही प्रक्रिया केव्हा घडते आणि केव्हा घडत नाही, हे समजते.

## तुटीचे मोजमाप

महाराष्ट्र शासनाचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प मार्च २०२५ मध्ये विधिमंडळात मांडण्यात आला. त्यात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी रुपये आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी रुपये अंदाजण्यात आला होता. या दोहोंतील ४५,८९१ कोटींचा फरक म्हणजे *महसुली तूट*. वेतन, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने अशा दैनंदिन स्वरूपाच्या खर्चासाठीही चालू उत्पन्न पुरत नाही, हे ती दर्शवते.

महसुली खर्चाखेरीज रस्ते, धरणे, इमारती यांसारखा भांडवली खर्चही असतो. तो मिळवून एकूण खर्चाचा अंदाज ७,००,०२० कोटी रुपये होता. त्यातून महसुली जमा आणि पूर्वी दिलेल्या कर्जांची वसुली यांसारखी किरकोळ भांडवली जमा वजा केल्यावर १,३६,२३५ कोटी रुपयांची *राजकोषीय तूट* उरते. नवीन कर्जाची गरज या आकड्यावरून कळते. राज्याच्या सकल उत्पन्नाशी तिचे प्रमाण सुमारे पावणेतीन टक्के होते. महाराष्ट्र राजकोषीय उत्तरदायित्व आणि अर्थसंकल्पीय व्यवस्थापन अधिनियम, २००५ या कायद्यानुसार पाळावयाच्या तीन टक्क्यांच्या मर्यादेत ते बसते.

तूट आणि कर्ज यांची अनेकदा गल्लत होते. तूट ही एका वर्षातील भर असते, तर कर्ज हा सर्व वर्षांचा साचलेला बोजा असतो. त्याच अर्थसंकल्पात राज्यावरील एकूण कर्ज वर्षअखेरीस सुमारे ९ लाख ३२ हजार कोटी रुपये होईल, असा अंदाज होता.

## कर्जउभारणीची पद्धत

राज्य सरकार बाजारातून कर्ज घेते ते रोख्यांच्या स्वरूपात. या रोख्यांना *राज्य विकास कर्ज* असे नाव आहे. रोख्यांचा लिलाव मुंबईतील भारतीय रिझर्व्ह बँक राज्याच्या वतीने करते. राज्यांच्या रोख्यांचे लिलाव सहसा मंगळवारी आणि केंद्र सरकारच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांचे शुक्रवारी होतात. बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी आणि म्युच्युअल फंड हे मुख्य खरेदीदार आहेत. राज्यावर केंद्राचे कर्ज थकीत असेल, तर नव्या कर्जासाठी संविधानाच्या अनुच्छेद २९३ नुसार केंद्राची संमती लागते. त्यामुळे राज्याला मनाला येईल तेवढे कर्ज उचलता येत नाही.

लिलावात व्याजदर कसा ठरतो, हे पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होते. एखाद्या राज्याला ३,००० कोटी रुपये हवे आहेत आणि खरेदीदारांनी पुढील बोली लावल्या आहेत, असे मानू.

| मागितलेला दर | देऊ केलेली रक्कम | एकत्रित रक्कम |
|---|---|---|
| ७.१० टक्के | १,२०० कोटी | १,२०० कोटी |
| ७.१५ टक्के | १,००० कोटी | २,२०० कोटी |
| ७.२० टक्के | ८०० कोटी | ३,००० कोटी |
| ७.२६ टक्के | १,००० कोटी | ४,००० कोटी |

सर्वांत कमी दर मागणाऱ्यापासून बोली स्वीकारत गेल्यास ७.२० टक्क्यांवर गरज भागते. हा लिलावाचा अंतिम दर होय. राज्याची गरज ३,००० ऐवजी ४,००० कोटींची असती, तर चौथी बोलीही स्वीकारावी लागली असती आणि दर ७.२६ टक्के झाला असता. खरेदीदार आणि त्यांच्या बोली दोन्ही वेळी त्याच आहेत, बदलली आहे ती फक्त कर्जाची रक्कम. दराची वाढ येथे लहान दिसते, परंतु केंद्र आणि राज्ये मिळून दर आठवड्याला अशी विक्री होत असल्याने दाब साचत जातो.

नव्या रोख्यांचा दर वाढला की जुन्या रोख्यांची किंमत उतरते. दहा वर्षे मुदतीचा, दरवर्षी ७ रुपये व्याज देणारा १०० रुपयांचा रोखा घेतल्यानंतर बाजारातील दर साडेसात टक्के झाला, तर त्या रोख्याची किंमत सुमारे ९६ रुपये ५७ पैसे होते. असा तोटा सोसावा लागेल, या भीतीने खरेदीदार पुढील लिलावात आधीच थोडा अधिक दर मागतात. सरकार पुढेही मोठे कर्ज घेणार अशी नुसती अपेक्षा निर्माण झाली तरी दर वाढू लागतो, याचे हे एक कारण आहे.

## इतर कर्जदारांपर्यंत पोहोचणारा दाब

सरकारी रोखा हा रुपयांतील सर्वांत सुरक्षित कर्जव्यवहार मानला जातो. त्यामुळे इतर सर्व दीर्घ मुदतीचे दर त्याच्या आधारावर ठरतात. केंद्र सरकार दहा वर्षांसाठी ७ टक्के देत असेल, तर एखाद्या कंपनीला तिच्या जोखमीनुसार त्याहून अधिक दर द्यावा लागतो. पायाचा दर अर्धा टक्का वाढला, की त्यावर उभे असलेले दरही वर सरकतात.

अहिल्यानगर शहराच्या सावेडी या उपनगरातील कर्जदारांच्या दृष्टीने पाहिल्यास हा दाब सर्वांपर्यंत एकाच वेगाने पोहोचत नाही. बँकेकडून बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज घेतलेल्या कुटुंबाचा दर १ ऑक्टोबर २०१९ पासूनच्या नियमानुसार बाह्य मानक दराशी, बहुतांशी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडलेला असतो. रोख्यांचा दर वाढल्याबरोबर त्यांचा हप्ता वाढत नाही. रेपो दर बदलला तरच तो बदलतो. मात्र बँक नव्या कर्जदारासाठी रेपोवरील आपली भर वाढवू शकते. गृहवित्त कंपनीकडून कर्ज घेणाऱ्याची स्थिती वेगळी असते. अशा कंपन्या स्वतः रोखे विकून आणि बँकांकडून उसने घेऊन पैसा उभारतात. त्यामुळे वाढलेला दर त्यांच्यामार्फत अधिक थेटपणे ग्राहकाकडे येतो. शेजारच्या नागापूर औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याने यंत्रसामग्रीसाठी ठरावीक दराचे दीर्घ मुदतीचे कर्ज मागितले, तर त्यालाही नवा दर लागू होतो.

दरातील लहान फरकाचा भार दीर्घ मुदतीत मोठा होतो. २५ लाख रुपयांच्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचा मासिक हप्ता साडेआठ टक्के दराने सुमारे २१,७०० रुपये येतो आणि नऊ टक्के दराने सुमारे २२,५०० रुपये. अर्ध्या टक्क्यामुळे महिन्याला सुमारे ८०० रुपये आणि संपूर्ण मुदतीत सुमारे १ लाख ९० हजार रुपये अधिक द्यावे लागतात.

दाबाचा दुसरा मार्ग ठेवींतून जातो. पोस्टातील अल्पबचत योजनांत जमणारा पैसा केंद्राची तूट भरण्यासाठीही वापरला जातो. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राचा व्याजदर एप्रिल २०२३ मध्ये ७.७ टक्के करण्यात आला. सरकारच इतका दर देत असताना बँक किंवा सहकारी पतसंस्था आपल्या ठेवींवरील दर फार खाली आणू शकत नाही, कारण ठेवीदार पोस्टाकडे वळतो. ठेव महाग पडली, की त्या ठेवीतून दिलेले कर्जही महाग पडते. पतसंस्थेने स्वतः एकही सरकारी रोखा घेतला नाही, तरी तिच्या कर्जदाराला सरकारी कर्जाची झळ या मार्गाने लागते. ठेवीवर जगणाऱ्या निवृत्त व्यक्तीला मात्र याच वाढीव दराचा लाभ होतो.

## १९९०-९१ चा अनुभव

१९९० च्या दशकाच्या प्रारंभी सरकारी रोख्यांचा दर बाजारात ठरत नव्हता, तर तो सरकार आणि रिझर्व्ह बँक ठरवत असत. केंद्राची राजकोषीय तूट १९९०-९१ मध्ये सकल राष्ट्रीय उत्पादनाच्या सुमारे ८ टक्के होती. ती भरण्यासाठी बँकांकडील ठेवींचा मोठा हिस्सा कायद्याने सरकारकडे वळवला जाई. सप्टेंबर १९९० पासून *वैधानिक रोखता प्रमाण* ३८.५ टक्के होते, म्हणजे ठेवींचा एवढा भाग बँकांना मुख्यतः सरकारी व सरकारमान्य रोख्यांत गुंतवावा लागे. याखेरीज १५ टक्के रक्कम *रोख राखीव प्रमाण* म्हणून रिझर्व्ह बँकेकडे ठेवावी लागे.

या काळात एखाद्या बँकशाखेत ठेवलेल्या १०० रुपयांचे काय होई, याचा हिशेब पुढीलप्रमाणे मांडता येतो. ५३ रुपये ५० पैसे वरील दोन अटींसाठी बाजूला काढल्यावर कर्जासाठी ४६ रुपये ५० पैसे उरत. एकूण कर्जांपैकी ४० टक्के कर्जे शेती, लघुउद्योग इत्यादी अग्रक्रम क्षेत्राला देणे अपेक्षित होते. म्हणजे सुमारे १८ रुपये ६० पैसे तेथे जात आणि त्यांतील लहान कर्जांचे दर सवलतीचे असत. उर्वरित सर्व उद्योग, व्यापार आणि ग्राहक यांच्यासाठी सुमारे २८ रुपये उरत.

सरकार आपल्या रोख्यांवर तेव्हा साडेअकरा ते बारा टक्क्यांपर्यंत व्याज देत असे. बँकेला हा दर बाजारभावापेक्षा कमी पडे. ठेवीदारांना व्याज देऊन शिवाय स्वतःचा खर्च भागवण्यासाठी ही तूट तिला उरलेल्या २८ रुपयांतून भरून काढावी लागे. ऑक्टोबर १९९१ मध्ये दोन लाख रुपयांहून मोठ्या कर्जांसाठी किमान व्याजदर २० टक्के झाला होता. सरकारला स्वस्तात मिळणाऱ्या कर्जाची किंमत अशा प्रकारे इतर कर्जदार चुकवत होते. सरकारच्या कर्जाचा दर न वाढताही इतरांचा दर वाढू शकतो, हे या उदाहरणावरून दिसते. त्यामुळे केवळ सरकारी रोख्यांचा दर पाहून दाब नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

२० टक्क्यांच्या दराला तूट हे एकमेव कारण मात्र नव्हते. परकीय चलनाचे संकट आणि चढती महागाई यांमुळे रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी पतपुरवठा हेतुतः आवळला होता. एम. नरसिंहम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९१ च्या अहवालात वैधानिक रोखता प्रमाण टप्प्याटप्प्याने २५ टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली. १९९७ मध्ये ते तेवढे झाले.

## लिलावपद्धतीकडे संक्रमण

केंद्र सरकारच्या रोख्यांचे लिलाव जून १९९२ पासून सुरू झाले. दर बाजारात ठरू लागताच आजवर दडलेला खर्च उघड झाला. १९९५-९६ मध्ये केंद्राला दहा वर्षांच्या रोख्यांवर सुमारे १४ टक्के दर द्यावा लागला.

तोपर्यंत केंद्राला आणखी एक वाट उपलब्ध होती. रिझर्व्ह बँकेला तदर्थ कोषागार बिले विकून सरकार थेट नवा पैसा मिळवू शकत होते. त्यावर केवळ ४.६ टक्के व्याज पडे. या मार्गाने व्याजदरावरील ताण टळे, परंतु वाढलेला पैसा महागाईच्या रूपाने पुढे येई. सप्टेंबर १९९४ मध्ये केंद्र सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात ही पद्धत बंद करण्याविषयी करार झाला आणि एप्रिल १९९७ मध्ये ती संपुष्टात आली. २००३ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्यानुसार एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेला सरकारकडून थेट नवे रोखे घेण्यास, अपवादात्मक परिस्थिती वगळता, मनाई आहे. बाजारात आधीच आलेले रोखे ती खरेदी करू शकते. पुढील अनुभवात हा फरक महत्त्वाचा ठरला.

## २०२०-२१ चा अनुभव

कोरोना महामारीच्या वर्षात केंद्राची राजकोषीय तूट उत्पादनाच्या ९.२ टक्क्यांवर गेली. मे २०२० मध्ये केंद्राने आपल्या ढोबळ बाजारकर्जाचे उद्दिष्ट ७.८ लाख कोटींवरून १२ लाख कोटी रुपये केले. तुटीचा आकडा १९९०-९१ पेक्षा मोठा असूनही दहा वर्षांच्या रोख्यांचा दर वर्षभर सहा टक्क्यांच्या आसपास राहिला आणि गृहकर्जे स्वस्त झाली.

याची दोन कारणे सांगितली जातात. पहिले, टाळेबंदीमुळे कारखाने आणि बांधकामे थंडावली होती आणि खासगी कर्जाची मागणी क्षीण झाली होती. बँकांकडे ठेवी पडून होत्या. सरकारने उचललेला पैसा कोणाच्या हातून हिरावलेला नव्हता. दुसरे, रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवर आणला आणि त्या वर्षात बाजारातून निव्वळ तीन लाख कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सरकारी रोखे विकत घेतले. खरेदीदारांच्या रांगेत एका मोठ्या खरेदीदाराची भर पडली.

१ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात पुढील वर्षासाठी पुन्हा सुमारे १२ लाख कोटींचे कर्ज आणि चालू वर्षात आणखी ८० हजार कोटींची उचल जाहीर झाली. व्यवहार पूर्ववत होऊ लागले असतानाच ही घोषणा आल्याने रोख्यांचा दर काही आठवड्यांत सहा टक्क्यांच्या वर सरकला. काही लिलावांत पुरेशा बोली आल्या नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या तिमाहीत एक लाख कोटी रुपयांचे रोखे घेण्याचा कार्यक्रम आधीच जाहीर करून दर आवरला.

## दाब ओळखण्याच्या खुणा

व्याजदर अनेक कारणांनी वाढतो. महागाई, रेपो दर आणि परदेशांतील व्याजदर यांचाही त्यावर प्रभाव असतो. वाढ सरकारी कर्जामुळेच आहे का, हे तपासण्यासाठी अभ्यासक पुढील गोष्टी एकत्र पाहतात.

* रेपो दर आणि दीर्घ मुदतीचा दर यांतील अंतर : रेपो दर स्थिर किंवा उतरता असताना दहा वर्षांच्या रोख्यांचा दर चढत असेल, तर रोख्यांच्या पुरवठ्याचा ताण असण्याची शक्यता वाढते.
* लिलावाचा निकाल : पुरेशा बोली न आल्यास उरलेले रोखे हमी दिलेल्या प्राथमिक विक्रेत्यांच्या माथी पडतात. असे वारंवार घडणे ही खरेदीदारांची क्षमता संपत आल्याची खूण होय.
* राज्य आणि केंद्र यांच्या दरांतील अंतर : राज्यांना केंद्रापेक्षा साधारणपणे पाव ते पाऊण टक्का अधिक दर द्यावा लागतो. राज्यांचे रोखे एकाच वेळी मोठ्या प्रमाणात बाजारात आले, की हे अंतर रुंदावते.
* खासगी कर्जाची वाढ : दर चढत असताना उद्योगांना दिलेली कर्जे मंदावत असतील, तर त्यांना बाहेर ढकलले जात असण्याची शंका बळावते. कर्जे आणि दर दोन्ही वाढत असतील, तर खासगी मागणीच जोरात असल्याचे ते लक्षण असू शकते.

## महाराष्ट्राच्या संदर्भात

उत्पन्नाच्या तुलनेत महाराष्ट्राचे कर्ज अनेक मोठ्या राज्यांपेक्षा कमी, सुमारे १९ टक्के आहे. तरीही लिलावात त्याला मिळणारा दर अधिक कर्जबाजारी राज्यांच्या दरापेक्षा सहसा फार कमी नसतो. सर्व राज्यांचे रोखे रिझर्व्ह बँकेच्या व्यवस्थेतून विकले जातात आणि बँकांच्या वैधानिक रोखता प्रमाणासाठी सारखेच ग्राह्य धरले जातात, त्यामुळे खरेदीदार त्यांच्यात फारसा भेद करत नाहीत. परिणामी शिस्त पाळणाऱ्या राज्याला तिचा पुरेसा मोबदला मिळत नाही आणि एका राज्याच्या वाढत्या कर्जाचा भार काही अंशी इतर राज्यांवर पडतो.

वैधानिक रोखता प्रमाण २०२० पासून १८ टक्के आहे आणि रोख राखीव प्रमाण नोव्हेंबर २०२५ अखेर ३ टक्क्यांवर आले. म्हणजे १०० रुपयांच्या ठेवीतून १९९१ मध्ये ४६ रुपये ५० पैसे कर्जासाठी मोकळे राहत, तेथे आता ७९ रुपये राहतात. सक्ती घटल्यामुळे दाब आता प्रामुख्याने दरातून व्यक्त होतो.

## मतभेद आणि मर्यादा

सरकारी कर्जाने खासगी गुंतवणूक घटतेच, असे सर्व अर्थशास्त्रज्ञ मानत नाहीत. केन्सच्या विचारपरंपरेतील अभ्यासकांच्या मते मंदीच्या काळात सरकारी खर्चाने मागणी आणि उत्पन्न वाढते, त्यातून बचतही वाढते. सरकारने कर्जाच्या पैशातून रस्ता किंवा वीजवाहिनी उभारली, तर त्या भागात खासगी गुंतवणूक उलट ओढली जाऊ शकते. महसुली तूट भरण्यासाठी काढलेल्या कर्जाबाबत हा युक्तिवाद दुबळा पडतो, कारण त्यातून परतफेडीस हातभार लावणारी मालमत्ता उभी राहत नाही.

उपलब्ध बचत ही केवळ देशांतर्गतही नसते. २०२२-२३ मध्ये भारतीय कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत उत्पादनाच्या सुमारे ५ टक्के होती, तर केंद्र आणि राज्ये यांची एकत्रित तूट सुमारे ९ टक्के होती. उरलेला भाग कंपन्यांची बचत आणि परकीय भांडवल यांतून आला. जून २०२४ पासून भारताचे सरकारी रोखे जे. पी. मॉर्गनच्या उदयोन्मुख देशांच्या रोखे निर्देशांकात समाविष्ट झाल्याने परदेशी खरेदीदारांचा वाटा वाढू शकतो आणि देशांतर्गत बचतीवरील ताण काहीसा हलका होऊ शकतो. मात्र असे भांडवल जागतिक घडामोडींनुसार परतही जाते, आणि ते परत जाताना रोख्यांचे दर वाढतात.

## हे सुद्धा पहा

* महसुली तूट
* भारतीय रिझर्व्ह बँक
* वैधानिक रोखता प्रमाण
* रेपो दर
* अल्पबचत योजना